चेकिंग तुझ्याकडे आहे, पण काम थांबवायचा अधिकार कुणाकडे?

प्रश्न : "सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर एका बिल्डिंगच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागून दीड महिना झाला. स्टाफमध्ये नऊ पुरुष आणि मी एकटी मुलगी. स्टीलचं चेकिंग मला दिलंय, पण मी चूक दाखवली की मुकादम माझ्यासमोरच सिनियरना फोन लावतो आणि काम तसंच पुढे जातं. सिनियर म्हणतात, तू ऑफिसात बिलिंगला बस. बाथरूमची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. साइट सोडू का? कुणी अनुभवी सांगेल का?"

तू माझ्या भाचीच्या वयाची असशील, म्हणून अगंतुगं करते. मीसुद्धा डिप्लोमा करूनच साइटवर आले. पुणे आणि आसपासच्या बिल्डिंगांवर पंचवीस वर्षं काढली, आणि त्यातली पहिली सहा-सात वर्षं स्टाफमध्ये मी एकटीच बाई होते. तू लिहिलेल्या तिन्ही गोष्टी माझ्या वाट्याला आल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मुकादम ऐकत नाही याचा तुला त्रास होतोय, पण माझ्या मते गाठ दुसरीकडे आहे. तुला चूक शोधायचं काम दिलंय, पण चूक सापडल्यावर काम थांबवायचा अधिकार दिलेला नाही. मुकादमाला हे पक्कं ठाऊक आहे. त्याच्या खिशातला फोन म्हणजे तुझ्या डोक्यावरून जाणारा जिना आहे, आणि तो जिना वरच्या टोकाला तुझे सिनियर उघडा ठेवतात. त्यामुळे मुकादमाशी भांडून काही हाती लागणार नाही. बोलायचं ते सिनियरशी.

त्याआधी एक गोष्ट तपासून बघ. हे तू नवीन आहेस म्हणून होतंय की बाई आहेस म्हणून? दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. तुझ्याबरोबर किंवा तुझ्या आगेमागे लागलेला एखादा मुलगा साइटवर असेल. त्याने चूक दाखवली की मुकादम काय करतो, ते चार-पाच दिवस नुसतं बघत राहा. त्यालाही टाळून वर फोन जात असेल, तर हे नवखेपण आहे आणि कामाची ओळख पटली की दोन-तीन महिन्यांत ते बरंचसं ओसरतं. त्याचं ऐकतो आणि फक्त तुझ्या वेळी फोन निघतो, असं दिसलं तर नुसता वेळ जाऊ देऊन उपयोग नाही. तिथे कागद लागतो. माझ्या पहिल्या साइटवर दोन्ही होतं, आणि ते वेगळं ओळखायला मला वर्ष लागलं.

तू कुणाकडे नोकरीला आहेस, यावरही बरंच ठरतं. तू ते लिहिलेलं नाहीस. बिल्डरकडे किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटकडे असशील, तर मुकादमाच्या मालकाचं बिल तुमच्या सहीने निघतं आणि तुझा शब्द आपोआप जड होतो. ठेकेदाराकडेच असशील, तर तू आणि मुकादम एकाच घरचे. काम थांबलं की नुकसान तुमच्याच मालकाचं, आणि सिनियरवर दबाव त्याचाच असतो. तेव्हा तुला जास्त सांभाळून आणि जास्त आधी बोलावं लागेल. पुढे सांगते ती पद्धत दोन्हीकडे चालते.

सिनियरना एकांतात गाठ, संध्याकाळी साइट शांत झाल्यावर. तक्रार करू नकोस, एकच गोष्ट माग. "सर, स्लॅबच्या पोअर कार्डवर स्टीलच्या रकान्यात माझी सही घ्या, आणि ती सही झाल्याशिवाय काँक्रीटची गाडी मागवायची नाही, एवढं मुकादमाला माझ्यासमोर सांगा." पोअर कार्ड तुमच्या साइटवर असेलच. काँक्रीट ओतायच्या आधी सेंटरिंग, स्टील, प्लंबिंगचे स्लीव्ह, इलेक्ट्रिकचे पाइप हे सगळं तपासल्याच्या सह्या ज्यावर होतात तो कागद. बऱ्याच साइटवर तो स्लॅब झाल्यावर, दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून भरतात. तुझ्याकडे असा मागून भरलेला कागद सहीला आला, तर सही करू नकोस. जे झाकलं गेलंय ते तू तपासलेलं नाहीस, आणि पुढे तडा गेला तर त्या कागदावर नाव तुझं असेल.

दुसरी विनंती फोनची. मुकादमाचा फोन आला की सरांनी त्याला निर्णय देऊ नये. "मॅडम काय म्हणतात? त्यांना फोन दे," एवढंच म्हणावं. तू चुकत असशील तर ते तुला नंतर बाजूला घेऊन सांगतील, पण त्याच्या कानावर तुझा निर्णय तुझ्याच तोंडून पडला पाहिजे. माझ्या दुसऱ्या साइटवरच्या साहेबांनी हे एवढंच केलं होतं. तीन वेळा त्यांनी फोन माझ्याकडे परत दिला, चौथ्यांदा फोन आलाच नाही.

आता थांबवायचं म्हणजे नेमकं कसं, ते एका स्लॅबवरून सांगते. कारण अधिकार मिळाला तरी तो वापरायची रीत चुकली, तर पुढच्या वेळी तो काढून घेतात.

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब होता, साधारण चाळीस घनमीटर काँक्रीट. सहा घनमीटरच्या सात गाड्या दुपारी चारपासून यायच्या होत्या. सकाळी स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा माणूस येऊन स्टील बघून, ठीक आहे म्हणून गेला. दुपारी एकच्या सुमारास मी पुन्हा वर चढले, कारण मधल्या वेळात इलेक्ट्रिशियनची चार पोरं पाइप टाकायला स्लॅबवर फिरत होती. रस्त्याच्या बाजूला दोन गॅलऱ्या होत्या, भिंतीच्या बाहेर १.२ मीटर काढलेल्या, खाली आधार नाही.

बाहेर काढलेल्या गॅलरीचं गणित नेहमीच्या स्लॅबच्या उलट असतं, हे तुला कॉलेजात शिकवलंय. दोन बीमच्या मधला स्लॅब मधोमध खाली वाकतो, म्हणून ताण खालच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई खाली लागते. गॅलरी एका कडेने धरलेली असते, टोकाला झुकते, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वर लागते. त्या वरच्या सळईला खालून धरून ठेवणारं असतं ते चेअर, म्हणजे उरल्यासुरल्या सळईचे वाकवलेले घोडे. चेअर कमी पडले किंवा आडवे झाले, की माणसाच्या पायाने सळई खाली बसते. वरून बघितलं तर जाळी जागच्या जागी दिसते, अंतरही बरोबर दिसतं. उंची गेलेली असते, आणि ती नजरेला कळत नाही.

म्हणून मी कडेच्या दोन्ही फळ्यांच्या माथ्यावरून दोरी ताणली. फळीचा माथा म्हणजे काँक्रीटचा वरचा पृष्ठभाग. गॅलरीची जाडी १५० मिलिमीटर, सळईवरच्या काँक्रीटचं कव्हर २५ आणि सळई १० मिलिमीटरची. म्हणजे दोरीपासून खाली २५ मिलिमीटरवर सळईचा माथा मिळायला हवा होता. टेप लावला तर एका गॅलरीत ८० भरलं, दुसरीत ७० ते ७५.

याचा अर्थ काय होतो बघ. वरच्या सळईचा उपयोग तिच्या मध्यापासून स्लॅबच्या तळापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असतो. ड्रॉइंगप्रमाणे ते १२० मिलिमीटर होतं. सळई ८० वर बसली की ते ६५ उरतं. स्टील तेवढंच, काँक्रीट तेवढंच, पण गॅलरीची ताकद निम्म्यावर आली. आणि ही चूक सेंटरिंग काढेपर्यंत दिसत नाही, कधी कधी माणसं राहायला आल्यावर, कुंड्या आणि कपाटं गॅलरीत आली की भिंतीलगत वरच्या बाजूने आडवी भेग पडते तेव्हाच कळते.

मुकादमाने काय म्हणावं? जे तुझा म्हणतो तेच. "मॅडम, सकाळी कन्सल्टंट बघून गेला. वीस वर्षं आम्ही गॅलऱ्या टाकतोय." आणि खिशातून फोन काढला.

इथे मी पूर्वी दोन चुका केलेल्या होत्या. एका स्लॅबला मी आवाज चढवला होता, तेव्हा चर्चा सळईची न राहता मॅडमच्या रागाची झाली. दुसऱ्याला गाडी गेटवर आल्यावर थांबवलं होतं. काँक्रीट ड्रममध्ये फिरत असताना थांबवायला सांगणाऱ्या इंजिनिअरच्या बाजूने कुणीही उभं राहत नाही, तो पुरुष असला तरी नाही. प्लँटवरून निघालेला माल ठरलेल्या वेळेत ओतावाच लागतो, नाहीतर पैसे बुडतात. म्हणून या वेळी मी एक वाजता वर गेले होते, साडेतीनला नाही. पहिली गाडी प्लँटवरून सुटायला अजून दोन तास होते.

मी त्याला फोन लावू दिला. मधल्या वेळात टेप दोरीला लावून दोन फोटो काढले, आकडा वाचता येईल असे. मग स्टीलच्या फिटरला हाक मारली, मुकादमाला नाही. "मिस्त्री, ही दोरी धरा आणि तुम्हीच मोजून सांगा." फिटर हा स्लॅबवरचा सगळ्यात जाणकार माणूस असतो, आणि आपली बांधलेली जाळी दुसऱ्यांनी तुडवली याचा राग त्यालाही असतो. त्याने मोजलं आणि ऐंशी हा आकडा मोठ्याने सांगितला. तो आकडा माझ्या तोंडून न येता त्याच्या तोंडून आला, याने निम्मं काम झालं.

साहेबांचा फोन माझ्याकडे आला तेव्हा मी चार वाक्यं बोलले. दोन्ही गॅलऱ्यांची वरची सळई पन्नास मिलिमीटरने दबली आहे, फिटरने मोजलंय. सोळा चेअर लागतील, प्रत्येक गॅलरीत मीटरभर अंतरावर दोन ओळी, यार्डात तुकडे पडलेले आहेत. दोन फिटर लावले तर तासाभराचं काम. प्लँटला सांगून पहिली गाडी चारऐवजी पाचला मागवू या.

साहेब लगेच हो म्हणाले. मी "काम बंद" म्हटलं असतं, तर ते हो म्हणाले असतेच असं नाही. नुसता नकार दिला की ऐकणाऱ्याला पुढचा विचार स्वतः करावा लागतो, आणि घाईत तो "जाऊ दे" याच बाजूने होतो. किती बिघडलंय, काय लावायचं, किती माणसं, किती वेळ, हे चारही तयार असलं की त्याला फक्त होकार द्यायचा उरतो.

चेअर बसले तरी गोष्ट संपत नाही. काँक्रीटची गँग, पंपाचा पाइप ओढणारी माणसं, व्हायब्रेटरवाला हे सगळे त्याच जाळीवर चालणार असतात. म्हणून गॅलरीच्या तोंडाशी चालायला फळ्या टाकून घेतल्या, आणि एक फिटर गॅलरी भरून होईपर्यंत तिथेच बसवला, दबलेली सळई हुकने वर ओढायला. पोअर कार्डवर लिहिलं : "गॅलरी १ व २, वरची सळई दबलेली आढळली, दु. १.१०, चेअर लावून दुरुस्त, पुन्हा मोजली, दु. २.४०." खाली माझी सही, शेजारी मुकादमाची. त्याने सही करताना कुरकुर केली, पण केली. पुढच्या स्लॅबला गॅलरीचे चेअर मी वर जायच्या आधीच लागलेले होते.

या एका प्रसंगात तुला वापरता येईल ते बहुतेक सगळं आलं. फक्त एक जोडते. हे करायचं तर मोजमाप हातात पक्कं हवं, नुसतं ड्रॉइंग वाचून भागत नाही. दुपारच्या जेवणानंतर रोज पंधरा मिनिटं फिटरजवळ जाऊन बस आणि रिंग कशी वाकवतात, हूक कसा वळवतात, चेअरची उंची कशी काढतात ते त्याच्याकडून शिक. विचारलेलं त्यांना आवडतं. मी फिटरांना मिस्त्री आणि सेंटरिंगच्या वयस्कर माणसांना मामा म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे. "ताई" म्हणू द्यावं का, असं मला मुली विचारतात. माझ्या अनुभवात ताई म्हणणाऱ्यांनी मान कमी दिला असं नाही. पण ताईला चहाचं बघायला सांगितलं जातं, हे मी पाहिलंय. मीटिंगमध्ये चहा सांगायचं, रजिस्टर सुबक अक्षरात उतरवायचं काम सवयीने तुझ्याकडे सरकायला लागलं, तर पहिल्या आठवड्यातच "आज मी, उद्या तो" असं पाळीवर टाक. सहा महिन्यांनी ते बदलत नाही.

आता पाण्याचं. हे तू शेवटी लिहिलंस, पण माझ्या मते हे आधी सुटायला हवं, अगदी या आठवड्यात. मी पहिल्या उन्हाळ्यात तेच केलं होतं. सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी. मे महिन्यात स्लॅबवर चक्कर येऊन बसले आणि त्याच महिन्यात लघवीच्या संसर्गाने तापाने फणफणले. उघड्या स्लॅबवर चक्कर येणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. तिथे कठडा नसतो.

आणि तू स्टाफमध्ये एकटी असलीस तरी साइटवर एकटी बाई नाहीस. घमेली उचलणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, क्युरिंगचं पाणी मारणाऱ्या बायका तुझ्याही साइटवर असणार. त्यांनाही जागा नसते, त्या पहाटे अंधारात किंवा पत्र्यामागे जातात. मी वर्षभर हे बघितलंच नव्हतं, कारण त्या लेबर आणि मी स्टाफ. एका दुपारी त्यांच्यातल्या एकीनेच मला पत्र्याची एक खोली दाखवली आणि बाहेर पहाऱ्याला उभी राहिली. त्यानंतर मी स्वतःसाठी टॉयलेट मागणं सोडलं आणि साइटवरच्या बायकांसाठी मागायला लागले. याने फरक पडतो. एका मॅडमची सोय म्हटली की ती मेहेरबानी ठरते, आणि उत्तर येतं, "म्हणूनच सांगतो, ऑफिसात बसा." चौदा बायका कामावर आहेत म्हटलं की तो ठेकेदाराच्या जबाबदारीचा विषय होतो.

जबाबदारी ही आहेच. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने साइटवर पिण्याचं पाणी आणि संडास-मुतारीची सोय मालकावर बंधनकारक केली होती. आता त्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची संहिता आली आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे, आणि तिच्यात पुरुष आणि स्त्रियांसाठी वेगवेगळी सोय असावी असं म्हटलं आहे. पण कायद्याचं कलम पहिल्या मेलमध्ये घालू नकोस. पहिला मेल साधा लिही. साइटवर आज किती बायका आहेत, पत्र्याची खोली कुठे बसेल, दाराला आतून कडी, पाण्याचा नळ, झाकणाची बादली. सेफ्टी ऑफिसर असेल तर त्याला प्रत जाऊ दे, कारण तपासणीत हा मुद्दा त्याच्या अंगावर येतो. आठ-दहा दिवसांत हालचाल झाली नाही, तर दुसऱ्या मेलमध्ये कायदा लिही. माझ्याकडे बहुतेक वेळा पहिल्यावरच झालं, कारण पत्र्याच्या संडासाचा खर्च एका स्लॅबच्या तुलनेत काहीच नसतो. कुणी मागितलेलं नसतं, एवढंच.

त्याच मेलमध्ये बूट आणि बेल्टचंही लिही. स्टोअरमध्ये सेफ्टी शूज बहुधा सात नंबरच्या पुढचे असतात. मोठा बूट घालून सेंटरिंगच्या शिडीवर चढणं हे चप्पल घालून चढण्याइतकंच वाईट आहे. तुझा नंबर लिहून मागव. उंचीवरच्या कामाचा हार्नेसही अंगाला बसायला हवा. मांडीचे पट्टे आवळून बांधल्यावर आत चार बोटं सपाट सरकावी, मूठ मावली तर तो सैल आहे. सैल हार्नेसमध्ये पडलेला माणूस त्यातून निसटू शकतो. ओढणी साइटवर नकोच, मिक्सर आणि लिफ्टच्या दोरखंडाजवळ तर मुळीच नको.

आता एक नाजूक भाग. तू तसं काही लिहिलेलं नाहीस, पण एकट्या मुलीला हे आधी ठाऊक असलेलं बरं. शब्द न ऐकणं, टाळून वर फोन करणं, "बायकांचं काम नाही हे" असं म्हणणं, याला आतापर्यंत सांगितलेले उपाय चालतात. पण अंगचटीला येणं, अश्लील बोलणं किंवा व्हिडिओ दाखवणं, रात्री नको ते मेसेज पाठवणं, काम देण्याच्या बदल्यात काही सुचवणं, हे सुरू झालं तर ते कामाच्या कौशल्याने सुटेल या आशेवर राहू नकोस. मी तीन महिने त्या आशेवर राहिले होते. तोवर त्या माणसाचं धाडस वाढलं, आणि लोक मलाच विचारू लागले, आधी का नाही बोललीस.

२०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाला अंतर्गत समिती नेमावीच लागते, अध्यक्ष स्त्री हवी आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्रास देणारा तुमच्या कंपनीचा नसून सबठेकेदाराचा माणूस असला तरी तक्रार करता येते, कारण कायदा कामाची जागा बघतो, आणि कामासाठी मालकाने दिलेली गाडीही त्यात येते. म्हणून पहिल्या प्रसंगापासून तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि आसपास कोण होतं हे वहीत त्याच दिवशी लिहून ठेव. मेसेज पुसू नकोस. समितीचं नाव आणि फोन आजच विचारून घे, गरज नसताना. गरज पडल्यावर विचारलं की साइटभर कळतं.

रात्रीच्या स्लॅबचाही प्रश्न येईल. नव्या संहितेप्रमाणे संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची सोय मालकाने करायची असते. मी रात्रीचे स्लॅब कधी नाकारले नाहीत, कारण "मॅडम रात्री नसतात" या एका वाक्यावर माणसाला चेकिंगमधून काढतात. पण दोन अटी घालायचे. परतीची गाडी आधी ठरलेली, ड्रायव्हरचा नंबर घरी दिलेला. आणि साइटवर आमच्या स्टाफचा आणखी एक माणूस शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत हजर. तुझ्या घरची आणि अंतराची परिस्थिती वेगळी असेल, हे तुझं तू ठरव.

राहिलं बिलिंग. सरांचा हेतू वाईट असेलच असं नाही. कित्येकांना खरंच वाटतं की ते तुला जपतायत. आणि बिलिंग हलकं कामही नाही, पैसा तिथेच कळतो. पण दीड महिन्यात गेलीस तर परत साइटवर यायचा रस्ता बंद होतो, असं मी चार मुलींच्या बाबतीत पाहिलंय. दोन वर्षांनी त्यांना कुणी स्लॅब द्यायला तयार नव्हतं, आणि बिलातही त्या अडायच्या, कारण ठेकेदाराने लावलेलं स्टील जागेवर मोजलेलं नव्हतं. निदान एक बिल्डिंग पायापासून वरच्या स्लॅबपर्यंत बघून घे, मग बिलिंगला जा.

सरांना सरळ नाही म्हणू नकोस. "सर, या बिल्डिंगचे अजून तीन स्लॅब मला पूर्ण करू द्या, स्टीलच्या मोजणीची शीट मी साइटवरूनच बिलिंगला देते. तिसऱ्या स्लॅबनंतर बिलिंगचं बोलू." मोजणीची शीट तू दिलीस की बिलिंगचं काम त्यांना मिळतं आणि साइट तुझ्याकडे राहते. शीट सोपी आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग १६२ ने भागला की एका मीटरचं वजन किलोत येतं. दहाच्या सळईचं ०.६१७, बाराचं ०.८८९. लांबी मोजायची, नग मोजायचे, गुणायचे. झाकलं जायच्या आधी मोजलेलं असल्याने तुझ्या आकड्यावर कुणी वाद घालू शकत नाही, मुकादम तर नाहीच, कारण त्याच्या मालकाचं बिल त्या आकड्यावर निघतं.

साइट सोडायची वेळ कोणती, तेही विचारलंयस. मी दोन वेळा सोडली. एकदा त्या माणसावर तक्रार करूनही समितीच बसवली नाही म्हणून, आणि एकदा चेकिंग न करता सही करायला सांगितली म्हणून. तुझ्याकडे अजून यातलं काही झालेलं नाही. सरांशी बोल, मेल पाठव, आणि पुढचे दोन स्लॅब होऊ देत. दुसऱ्या स्लॅबलाही तुझ्या सहीशिवाय गाडी आली आणि सरांनी ती येऊ दिली, तर दुसरी साइट शोधायला लाग, पण हातातली नोकरी आधी सोडू नकोस. तोवर पुढच्या स्लॅबला एक वाजता वर जा, आणि दोरी बरोबर ने.